‘सलामालेकुम’ला उत्तर काय द्यायचं? उमापूरच्या किराणा दुकानापासून बोअरच्या गाडीपर्यंत

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात उमापूर नावाचं गाव आहे. समजा, या गावातल्या एका किराणा दुकानात वडील जेवायला घरी गेलेत आणि गल्ल्यावर बारावीतला मुलगा बसलाय. एक वयस्कर चाचा दुकानात येतात आणि सवयीने म्हणतात, “सलामालेकुम बेटा.” मुलगा चांगल्या घरचा आहे, त्यालाही मान द्यायचाय. तो लगेच म्हणतो, “सलामालेकुम चाचा.”

चाचा हसतात, साखर घेतात आणि निघून जातात. काही बिघडत नाही. पण मुलाने उत्तर दिलंच नाही, त्याने सलामाला दुसरा सलाम केला. फोन वाजल्यावर आपण “हॅलो” म्हणावं आणि पलीकडून पुन्हा “हॅलो” यावं, तसं काहीसं.

आता असंही समजा, की दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच चाचा “अस्सलामु अलैकुम, उद्या नळाला पाणी येणार नाही” असा निरोप टाकतात. खाली चार जण “वालेकुम सलाम” लिहितात, दोघे हात जोडल्याची इमोजी टाकतात, एक जण “राम राम चाचा” म्हणतो आणि बाकीचे गप्प बसतात. यातलं बरोबर कोणतं? आणि मुळात या शब्दांत असतं काय?

सलाम उलटा का होतो?

मराठीत आपल्याला सवय आहे ती आरशासारख्या अभिवादनाची. समोरचा “राम राम” म्हणाला की आपणही “राम राम”. “नमस्कार”ला “नमस्कार”, वारकऱ्यांच्या “राम कृष्ण हरी”ला “राम कृष्ण हरी”, जैनांच्या “जय जिनेंद्र”ला “जय जिनेंद्र”, महानुभावांच्या “दंडवत प्रणाम”ला “दंडवत प्रणाम”. जे आलं तेच परत द्यायचं, की काम झालं.

सलामाचं तसं नाही. त्यात येणारं आणि जाणारं वाक्य वेगळं असतं. अरबीतलं मूळ वाक्य आहे “अस्सलामु अलैकुम”. “सलाम” म्हणजे शांती, सुखरूपता. “अलै” म्हणजे वर आणि “कुम” म्हणजे तुम्ही. एकत्र अर्थ होतो, तुमच्यावर शांती असो. समोर एकच माणूस असला तरी “कुम” हे अनेकवचनच वापरतात. मराठीत एकट्या माणसालाही आपण “तुम्ही” म्हणतो, तेव्हा हे समजायला जड जाऊ नये.

उत्तर असतं “व अलैकुमुस्सलाम”. इथे “व” म्हणजे चक्क मराठीतलाच “व”, म्हणजे “आणि”. मराठीत हा शब्द फारसी-अरबीतूनच आला असं मानलं जातं. पूर्ण अर्थ झाला, “आणि तुमच्यावरही शांती असो”. शब्दांचा क्रम फिरलेला आहे. आधी “तुमच्यावर”, मग “सलाम”. बोलताना त्याचं “वालेकुम अस्सलाम” किंवा “वालेकुम सलाम” होतं आणि रोजच्या व्यवहारात ते चालतं.

क्रम फिरवण्याची ही तऱ्हा फक्त मुसलमानांची नाही. ज्यूंमध्ये “शालोम अलेखेम”ला “अलेखेम शालोम” असं उत्तर देतात. शब्दसुद्धा एकाच कुळातले आहेत, कारण अरबी आणि हिब्रू या सख्ख्या बहिणी. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना जुन्या काळी शनिवार तेली म्हणायचे, त्यांच्या घरातही “शालोम” ऐकू येतं.

उत्तर देण्यावर एवढा भर का, हेही पाहायला हवं. कुराणातल्या चौथ्या सूऱ्यातली 86वी आयत अभिवादनाबद्दल आहे. कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं, निदान तेवढं तरी परत करा, असा तिचा आशय आहे. म्हणून सलाम करणं हे चांगलं काम, पण आलेल्या सलामाला उत्तर देणं हे कर्तव्य, असं मुस्लीम घरांत शिकवलं जातं. चाचांच्या मनात उत्तराची वाट पाहणारी एक जागा असते. ती रिकामी राहिली तर त्यांना ते जाणवतं, ते बोलून दाखवत नाहीत इतकंच.

‘सलाम वालेकुम’ हे कुठून आलं?

मराठी माणसाची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे सुरुवातच “सलाम वालेकुम”ने करणं. हिंदी सिनेमांतही ते सर्रास ऐकू येतं. पण हा नुसता अडाणीपणा नाही, त्यामागे कानाची एक गंमत आहे.

मूळ वाक्यात “सलामु” आणि “अलैकुम” हे शब्द जोडून म्हटले जातात. “मु”मधला उ आणि पुढचा अ एकमेकांना चिकटले की मध्ये आपोआप “व”सारखा आवाज तयार होतो. “सलामुवलैकुम”. मराठीत “सु” आणि “आगत” मिळून “स्वागत” होतं, तसंच हे. ऐकणाऱ्याने शब्द चुकीच्या जागी तोडले आणि “सलाम” व “वालेकुम” असे दोन तुकडे केले. पहिल्या वाक्यातला “व” हा दोन स्वरांच्या मधला आवाज आहे, उत्तरातला “व” हा अर्थ असलेला शब्द आहे. एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ संपतो. सुरुवात करताना “व” नको, उत्तर देताना हवा.

दुसरी चूक जास्त नाजूक आहे. घाईत बोलताना “सलामालेकुम”मधला “ला” गळतो आणि “सामालेकुम” होतं. दख्खनी बोलीत ते रोज ऐकू येतं आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण अरबीत “साम” म्हणजे मृत्यू. हदीसच्या ग्रंथांत असा प्रसंग नोंदलेला आहे, की काही जण पैगंबरांना मुद्दाम “अस्साम अलैकुम” म्हणाले आणि पैगंबरांनी चिडून न जाता फक्त “व अलैकुम” म्हणजे “तुमच्यावरही” एवढंच उत्तर दिलं. त्यामुळे मुस्लीम घरांतली थोरली मंडळी आपल्याच पोरांना यावरून टोकतात. तोंडी बोलण्यात कुणी मनावर घेत नाही, पण मोबाइलवर टाइप करताना “ला” गाळू नये. लिहिलेलं तसंच राहतं आणि त्याचे स्क्रीनशॉट फिरतात.

बाकी बारकावे थोडे आहेत. सलामासोबत हात वर करायचा असेल तर उजवा. उत्तर देताना हात जोडले तरी हरकत नाही, शब्द नीट असले म्हणजे झालं. समोर बाई असेल तर आपण होऊन हस्तांदोलनाला हात पुढे करू नये, तिने केला तरच करावा. कुणी नमाज पढत असेल तर त्या वेळी सलाम करू नये, कारण तो उत्तर देऊ शकत नाही. चारचौघे बसलेले असताना कुणी सलाम केला, तर एकाने उत्तर दिलं तरी सगळ्यांच्या वतीने ते पोहोचतं. ग्रुपवरच्या त्या चार “वालेकुम सलाम”नी उरलेल्यांचं काम झालेलं असतं ते असं. शिवाय कुणी सांगितलं की “अब्बांनी तुम्हाला सलाम सांगितलाय”, तर त्या निरोपालाही “वालेकुम अस्सलाम” असंच उत्तर देतात. नुसतं “बरं” म्हणून पुढे जात नाहीत.

इमोजीचं काय? हात जोडलेली इमोजी हा अपमान नाही. पण बोललेल्या वाक्याला ते उत्तरही नाही. चाचांनी वाक्य पाठवलं होतं.

मग ‘राम राम चाचा’ चुकीचं का?

चुकीचं म्हणता येणार नाही. स्वतःच्या अभिवादनाने उत्तर देणं हाही एक जुना, सभ्य मार्ग आहे. मराठवाड्यात कित्येक म्हातारी माणसं आयुष्यभर एकमेकांना असंच करत आली. एकाचा सलाम, दुसऱ्याचा राम राम, आणि दोघांची म्हैस एकाच पाणवठ्यावर. हा सगळा भाग 1948च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा-कचेरीत उर्दू होती आणि त्या दरबारी वळणातून “आदाब” नावाचं एक अभिवादनही इथे रुळलं. त्यात कोणत्याच देवाचं नाव नाही, आदाब म्हणजे नुसता आदर. “आदाब”ला उत्तर “आदाब”, आणि समोरचा वयाने बराच मोठा असेल तर तो “जीते रहो” म्हणतो. आता ते फारसं ऐकू येत नाही.

अडचण वेगळ्या ठिकाणी येते. चाचा “नमस्कार” म्हणाले आणि दुकानातल्या मुलाने आपलं ज्ञान दाखवायला “वालेकुम अस्सलाम चाचा” असं ठोकून दिलं, तर? मुलाचा हेतू चांगला असेल, पण चाचांना ऐकू जातं ते हे, की “तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे बरं का”. गावातला एक माणूस म्हणून ते दुकानात आले होते, मुलाने त्यांना दाढी-टोपीवरून ओळखून वेगळ्या खणात टाकलं. म्हणून एकच साधा हिशोब बरा पडतो. जे अभिवादन आलं, त्याला उत्तर द्यावं. जे आलंच नाही, ते आडनाव किंवा कपडे बघून आपल्याकडून फेकू नये.

“जय भीम”च्या बाबतीत तर ही गोष्ट जास्त टोचते. समोरच्याने “नमस्कार” म्हटलेलं असताना केवळ आडनावावरून “जय भीम” म्हणून त्याला ओळख देणारे लोक आहेत. आणि उलट, समोरून “जय भीम” आल्यावर तोंडातल्या तोंडात “हं, नमस्कार” म्हणून मान वळवणारेही आहेत. दोन्हींचा अर्थ समोरच्याला लगेच कळतो. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला 1978च्या ठरावापासून 1994 साल उजाडावं लागलं, तिथे “जय भीम”ला उघड्या आवाजात “जय भीम” म्हणणं ही छोटी गोष्ट नाही.

गंमत म्हणजे “जय भीम”चं नातं थेट सलामाशी सांगितलं जातं. या अभिवादनाचं श्रेय नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास (1904–1939) यांना देतात. ते आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते आणि 1937 साली मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले होते. मुसलमानांमध्ये सलाम आणि त्याचं उत्तर अशी जोडी असते, तशी जोडी आपल्या लोकांतही असावी, असं त्यांच्या मनात आलं. एकाने “जय भीम” म्हणायचं आणि दुसऱ्याने “बल भीम”, अशी मूळ कल्पना होती असं सांगतात. पण मराठी जिभेला आरशाचीच सवय. “बल भीम” मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी “जय भीम”च राहिलं.

हायवेवरचे सरदारजी

उमापूरहून गेवराईला आलं की सोलापूर–धुळे महामार्ग लागतो. तिथून खाली पाडळसिंगीला कल्याणहून नांदेडकडे जाणारा महामार्ग त्याला मिळतो. नांदेडला गुरू गोविंदसिंगांचं 1708 साली निधन झालं आणि तिथला सचखंड हजूर साहिब हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. त्यामुळे या रस्त्यांवर पंजाबचे ट्रक दिसतात, तसे यात्रेकरूही दिसतात.

“सत श्री अकाल”ला उत्तर “सत श्री अकाल”. हवं तर पुढे “जी” लावावं. हात जोडून म्हणतात. इथे आरसा आहे, म्हणून सोपं. फक्त “अकाल”चा अर्थ माहीत असावा. हिंदीत अकाल म्हणजे दुष्काळ, आणि बीड जिल्ह्यातल्या माणसाला तोच आधी आठवला तर नवल नाही. इथला अकाल म्हणजे अ-काल, ज्याला काळ लागू होत नाही तो, म्हणजे ईश्वर. “सत” म्हणजे सत्य.

चूक होते ती विनोद करण्याच्या नादात. कुणी “सत श्री अकाल” म्हटलं की काही जण मोठ्याने “बोले सो निहाल” ओरडतात. तो शिखांचा जयकारा आहे, आणि त्याचा क्रम नेमका उलटा आहे. आधी एक जण “बोले सो निहाल” अशी हाक देतो, मग सगळे मिळून “सत श्री अकाल” म्हणतात. कुणी “हर हर महादेव” म्हणून नमस्कार करावा आणि समोरच्याने उत्तरादाखल “पुंडलिक वरदे” ओरडावं, तसं ते कानाला लागतं.

गुरुद्वारात आणि श्रद्धाळू शिखांकडून आणखी एक अभिवादन ऐकू येईल. “वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह.” याला फतेह म्हणतात. उत्तरात तेच संपूर्ण वाक्य परत म्हणतात, अर्धं पहिल्याने आणि अर्धं दुसऱ्याने असं नसतं. पाठ नसेल तर हात जोडून “सत श्री अकाल जी” म्हटलेलं चालतं.

संबोधनाचा एक मराठी खड्डाही इथे आहे. सिनेमा पाहून लोक “पाजी” म्हणतात. पंजाबीत तो शब्द “भाजी”, म्हणजे भाऊ, पण त्यातला भ पंजाबी उच्चारात प-सारखा ऐकू येतो. मराठीत “पाजी” म्हणजे लबाड, हलकट माणूस आणि “भाजी” म्हणजे मेथी-पालक. दोन्ही नको वाटले तर “वीरजी” म्हणावं, त्याचाही अर्थ भाऊच. आणि नांदेडचे शीख असतील तर त्यांच्याशी मराठीत “नमस्कार” म्हणून बोलायला काहीच हरकत नाही, त्यातले कितीतरी जण पिढ्यानपिढ्या मराठवाड्याचेच आहेत.

बोअरची गाडी आली

वणक्कम उमापूरला कुठून येणार, असं वाटेल. ते बोअरवेलच्या गाडीतून येतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात फिरणाऱ्या बोअरच्या गाड्यांवरचे नंबर पाहिले तर त्यातले बरेच तमिळनाडूचे दिसतात. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे गाव या धंद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. एका जोडीत दोन ट्रक असतात, एकावर खोदायचं यंत्र आणि दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. फुटाचा भाव ठरतो, बहुतेकदा इथल्याच एजंटमार्फत, आणि रात्री-अपरात्री काम सुरू होतं.

शेतकरी आणि गाडीचा मॅनेजर यांच्यात बोलणं होतं ते मोडक्या हिंदीत. तिथे एक “वणक्कम” आला तर उत्तर “वणक्कम”च. हा शब्द वाकणं या अर्थाच्या “वणंगु” या धातूपासून आलाय, म्हणजे अर्थाने तो आपल्या नमस्काराचाच भाऊ. सकाळ, दुपार, रात्र कधीही चालतो. मान द्यायचा असेल तर पुढे “अय्या” किंवा “सार” लावतात, आणि बरोबरीच्या पण थोड्या मोठ्या माणसाला “अण्णा”. अण्णा आणि अक्का हे शब्द मराठीतही नांदतात, त्यामुळे इथे मराठी माणसाला परकं वाटू नये.

उच्चारातही मराठी माणूस फायद्यात आहे. तमिळमधला “ण” तोच, जो “बाण” आणि “पाणी” यांत आहे. हिंदी पट्ट्यातल्या बऱ्याच लोकांच्या तोंडून त्याचा “वनक्कम” होतो, मराठी जिभेला तो सहज जमतो. फक्त “क्क” दाबून म्हणायचा. “वणकम” म्हटलं की शब्द बसल्यासारखा वाटतो. आणि सिनेमातल्या नकलेसारखा “वणक्कमऽऽ” असा शेवट ओढू नये. दक्षिणेकडच्या लोकांना ती नक्कल ओळखता येते.

इथेही अंदाज नको. गाडी तमिळनाडूची असली तरी पाइप उचलणारी पोरं छत्तीसगड किंवा ओडिशाची असू शकतात, आणि दाराशी उभा असलेला ड्रायव्हर कर्नाटकाचा. सगळ्यांना एकसुरात “वणक्कम” म्हणणं म्हणजे महाराष्ट्राबाहेर कुणी बीडच्या माणसाला गुजराती समजून “केम छो” म्हणण्यासारखं आहे. ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्यांना हा अनुभव उलट बाजूने येतो. तिकडे त्यांना “नमस्कारा” ऐकू येतो, शेवटचा आ थोडा लांब. उत्तर तेच द्यायचं.

बोअर संपल्यावर, पाणी लागलेलं असो वा नसो, मॅनेजर हिशोब घेऊन निघताना “पोय्ट्टु वरेन” म्हणेल. शब्दशः अर्थ, “जाऊन येतो”. तमिळमध्ये निरोप घेताना नुसतं “जातो” म्हणणं अशुभ मानतात. उमापूरच्या माणसाला याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही, कारण त्याच्या घरातही कुणी “जातो” म्हणालं की आतून आईचा आवाज येतो, “येतो म्हणावं रे.” उत्तर आहे “पोय्ट्टु वांग”, म्हणजे “जाऊन या”. आणि ते जमलं नाही, तर “या पुन्हा” एवढं मराठीत म्हटलेलंही त्याला कळतं.